दुपार कोणाची?

निवृत्तीची तयारी म्हटली की आपल्याकडे ती कागदांची असते. सेवापुस्तक पूर्ण झालं का, उपदान किती मिळेल, निवृत्तिवेतनाचं अंशराशीकरण करायचं की नाही, याची चर्चा वर्षभर आधी सुरू होते. पण नवरा उद्यापासून अकरा ते पाच घरात कुठे बसणार, आणि इतकी वर्षं ते तास जिच्या हातात होते तिचं काय होणार, हा हिशेब मांडलेला मी फारसा पाहिलेला नाही.

माझ्या मावसबहिणीचे यजमान सरकारी खात्यातून ५८व्या वर्षी निवृत्त झाले. ठाण्यात दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. मुलगी लग्न होऊन गेलेली. आधी बहिणीचा दिवस असा असे: साडेआठला डबा भरून द्यायचा, पूजा, मग सावकाश पेपर. जेवण म्हणजे सकाळच्याच दोन पोळ्या, भूक लागेल तेव्हा. मग तासभर आडवं होणं, बहिणींचे फोन, मंगळवारी भजनी मंडळ, महिन्याला भिशी. ही दुपार तिला सासूबाईंचं आजारपण आणि मुलीच्या शाळा उरकल्यावर पन्नाशीत मिळाली होती.

यजमान घरी राहू लागले आणि एक वाजता पानावर बसायची पद्धत सुरू झाली. पोळी गरम हवी, म्हणजे बारा ते दीड ती ओट्यापाशी. अकराला चहा, साडेतीनला चहा. ती जिथे आडवी व्हायची त्याच खोलीत बातम्या. फोन ठेवला की ‘कोण होतं?’, चपला घातल्या की ‘किती वाजता येशील?’ यातला एकही प्रश्न वाईट हेतूने विचारलेला नव्हता. तरी दोन महिन्यांत तिने बहिणींना फोन करणं थांबवलं आणि भजनाला जाणं टाळू लागली. बाई आपणहून आपले कार्यक्रम रद्द करू लागली, की समजावं, पाणी डोक्यावरून चाललं आहे.

एकदा त्यांनी मांडणीवरचे सगळे डबे नव्याने लावले. प्रत्येकावर सुवाच्य अक्षरात चिठ्ठी. फोडणीला मोहरी न बघता काढणारा तिचा हात अडला, तेल धुरावलं, आणि ती गॅस बंद करून रडायला बसली. त्यांना कळेना, काम सोपं करून दिलं तर रडायचं काय? माणसाच्या कचेरीत कुणी न विचारता टेबल आवरून ठेवावं, तसं ते झालं होतं.

जपानमध्ये डॉ. नोबुओ कुरोकावा यांनी १९९१ साली अशा बायकांच्या त्रासाला आजार म्हणून नाव दिलं. नवरा निवृत्त झाल्यावर त्यांच्याकडे येणाऱ्या बायकांना पोटाच्या तक्रारी, रक्तदाब, निद्रानाश जडलेला असे. आपल्याकडे हे ‘वयोमानानुसार’ या सदरात जातं. केंद्र सरकारच्या २०२४च्या वेळवापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ जात होता, पुरुषांचा ८८. हे आकडे सगळ्या वयांचे आहेत. पण पाया असा असेल तर एकाच्या निवृत्तीने दुसरीचं काम वाढणारच.

नवऱ्याचं दुःखही खरं आहे. लोकलमधला ग्रुप, सहीला येणाऱ्या फाइली, चारचा कटिंग चहा, सगळं एका तारखेला संपतं. मात्र तो सतत गप्प, चिडचिडा, जेवणाखाण्यात लक्ष नसलेला असा आठवड्यामागून आठवडे राहिला, तर वेळापत्रक बदलून भागणार नाही, डॉक्टरांना भेटावं.

बहिणीकडे तोडगा निघाला तो तिने स्पष्ट सांगितल्यावर. ‘अहो, सकाळचा चहा-नाश्ता आता तुमचा. मला विचारायचं नाही.’ यात दूध आणणं, रवा संपला हे ध्यानात ठेवणं आणि कढई घासणंसुद्धा आलं. मदत करणाऱ्याला प्रत्येक गोष्ट सांगावी लागते, म्हणून मदतीने बाईचं काम कमी होत नाही. जबाबदारी दिली की होतं. पहिल्या आठवड्यात उपमा गिचका झाला. तिने तो मुकाट्याने खाल्ला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पोळ्या आता सकाळीच होतात आणि जो तो आपलं पान वाढून घेतो. यजमान दुपारी मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन बसतात. १८९३ सालची ती संस्था, तिथे त्यांना वाचायला खूप आहे. ती भजनाला पुन्हा जाऊ लागली.

एकाच खोलीत संसार असेल तर हे अवघड होतं, पण मग बाहेरचे दोन तास जास्तच गरजेचे. ५८व्या वर्षी निवृत्त झालेल्या जोडप्यापुढे वीसेक वर्षांचा सहवास असू शकतो. तुमच्या घरी कुणाची निवृत्ती जवळ आली असेल, तर शेवटच्या पगाराआधी दोघं समोरासमोर बसा आणि दुपारचे दोन तास कुणाचे, ते ठरवा. बोलायला नवऱ्याने सुरुवात करावी.