आजीची ट्रंक

माळ्यावर जप्तीच्या मालासारखी पडून राहिलेली आजीची पत्र्याची ट्रंक रेवाने एकदाची उघडवली, तेव्हा काळवंडलेली पितळी भातुकली आणि आर गंजलेला भोवरा यांच्या तळाशी, एका चिंधीत, पाच राखाडी सागरगोटे निघाले. आणि इतर खेळण्यांचे तेज हरपले असता यांचा गुळगुळीतपणा मात्र यत्किंचितही उणावला नव्हता.

“आजी, हे दगड का गं?”

“छे! काटेरी शेंगेतल्या बिया त्या,” असे म्हणत आजीने एक गोटा फरशीवर खसाखसा घासून रेवाच्या दंडाला टेकवला, तो असा चटका बसला की ती किंचाळलीच! (ही खोडी बहुतेक आज्यांना अवगत असते.) या बीचे कवच इतके कठीण, की पाण्याचाही आत शिरकाव होत नाही, म्हणूनच समुद्रात पडलेले सागरगोटे तरंगत दूरच्या किनाऱ्यांना लागतात, आणि अंकुर हवा असेल, तर कवच एका बाजूने घासून मगच बी भिजत घालावे लागते.

नंतर खेळ मांडला. एक गोटा उंच उडवायचा, तो खाली येण्यापूर्वी त्याच हाताने जमिनीवरचा दुसरा उचलायचा आणि उडवलेला झेलायचा. पहिला डाव आजीने जिंकला.