शिट्टीआधीच्या बारा ओळी

आमच्या शाळेचा क्रीडादिन हिवाळ्यात असतो आणि उद्घाटनाची शपथ पद्यात बांधून देण्याचे काम माझ्याकडे येते. मी खेळाडू नव्हे. दोन भाषा आणि थोडे छंद येतात, एवढेच. बुऱ्हाणपूर मध्य प्रदेशात असले तरी रावेर जवळच आहे. आमची मुले वर्गात हिंदी बोलतात, घरी कुणी मराठी, कुणी अहिराणी, कुणी उर्दू. मैदानावर सगळे मिसळून जाते.

यंदा जुनी शपथ पुढ्यात घेऊन बसलो. सत्य, न्याय, निष्ठा, खिलाडूवृत्ती, शाळेचा मान असे सगळे शब्द जागच्या जागी होते. मनाला एकच प्रश्न केला : यातली कोणती ओळ कुणी मोडली, तर मैदानावर कुणाला ती मोडलेली दिसेल? एकही सापडेना. पाचवीतल्या मुलाला जे मोडता येत नाही, ते पाळताही येत नाही. मग ही शपथ नेमकी कुणासाठी होती? प्रामाणिकपणे सांगायचे, तर व्यासपीठावरच्या खुर्च्यांसाठी. पाहुणे मान डोलावतात, निवेदक कवी म्हणून माझे नाव घेतो आणि ते मला आवडते. मुले उन्हात उभी असतात.

म्हणून नव्याने लिहायला घेताना स्वतःवर अट घातली की, ओळीत भावना नको, कृती हवी. आणि तीही डोळ्यांना दिसणारी. लहान वर्गांच्या लिंबू-चमच्यात चमचा हातात धरू देतात. तिथे लबाडी एकाच प्रकारची होते : अंगठा हळूच पुढे सरकून लिंबावर टेकतो. पंचाला अंगठा लांबून दिसत नाही, पण लिंबू दिसते. मूल वळताना लिंबू चमच्यात किंचित डोलायला हवे. वळणावरही जे ढिम्म राहते, त्यावर अंगठा आहे असे समजावे. ही गोष्ट मुलांना आमच्याहून आधी ठाऊक असते. तेव्हा पहिले कडवे असे झाले :

शिट्टीआधी पाय न टाकू,
पट्टा अपुला, त्यातच धावू;
चमच्यामधल्या लिंबावरती
कधी अंगठा मुळी न लावू.

आता तालाकडे वळतो, कारण शपथ संचलनानंतर लगेच होते आणि ड्रमचा ठेका मुलांच्या पायांत अजून असतो. तेज चाल मिनिटाला १२० पावलांची, म्हणजे एक पाऊल अर्ध्या सेकंदाचे. पावलाला दोन मात्रा धरल्या, तर आठ मात्रांचा तुकडा चार पावलांत, दोन सेकंदांत बसतो. मराठीत या आठ-आठच्या सोळा मात्रांच्या ओळीला पादाकुलक म्हणतात. 'शिट्टीआधी' मोजून पाहा : चारही अक्षरे गुरू, आठ मात्रा, चार पावले. 'पाय न टाकू' मध्येही आठच. पुढारी मुलगी एक तुकडा म्हणते, मैदान तोच तुकडा परत देते. बारा ओळी अशा दुहेरी म्हटल्या, तरी सारे दीड मिनिटाच्या आसपास आटोपते.

हे दुहेरी म्हणणे केवळ रंगत आणायला नाही. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये शपथ घेणारा एडविन मोझेस, अडथळ्यांच्या शर्यतीत वर्षानुवर्षे न हरलेला माणूस, मध्येच शब्द विसरला आणि तीच ओळ पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. तिथे त्याची ही गत, तर आमच्या आठवीतल्या मुलीचे काय? तुकडा आखूड असला आणि ताल शरीरात असला, तर पुढचा शब्द पायाबरोबर येतो. शिवाय मोकळ्या मैदानावर भोंग्याचा आवाज मागच्या रांगेपर्यंत उशिरा पोहोचतो. पन्नास मीटरला हा उशीर सेकंदाचा सुमारे सातवा भाग असतो. लांब वाक्य असले की पुढच्या आणि मागच्या रांगा एकमेकींच्या अंगावर येतात आणि ऐकू येतो तो गलका. दोन सेकंदांच्या तुकड्यानंतर थांबा असतो, तिथे आवाज सावरतो.

मला मोह दोह्याचा झाला होता, हे कबूल करायला हवे. अब्दुल रहीम खानखाना या शहरात सुभेदार होते. बुऱ्हाणपूरच्या शपथेत रहीमचा छंद आला, तर पाहुणे खूश होणार. पण दोह्याची ओळ तेरा आणि अकरा मात्रांची. दोन्ही आकडे विषम, म्हणजे प्रत्येक तुकड्याअखेर एक पाऊल अर्धे उरते. बसून ऐकायला दोहा सुंदर. पाय आपटणाऱ्या तीनशे मुलांच्या तोंडी तो लंगडतो. शेवटी वाट काढून दिली ती चौपाईने. हिंदीतली चौपाईही सोळा मात्रांचीच असते. त्यामुळे मराठी ओळ आणि तिची हिंदी जोडओळ एकाच ड्रमवर, ठेका न बदलता चालतात. पहिल्या ओळीची जोड अशी केली : 'सीटी सुनकर कदम बढ़ाएँ'. मोजा, आठ आणि आठ. जी शपथ घ्यायची, ती कळणाऱ्या भाषेत घ्यावी, एवढा हक्क मुलांना आहेच. शहराला ही गोष्ट नवी नाही; इथल्या जामा मशिदीत अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही आहे.

दुसऱ्या कडव्याने मात्र मला झोप लागू दिली नाही. त्याचा पहिला मसुदा असा होता :

स्पर्श जाहला, हात करू वर,
पंच न पाहो, आम्ही सांगू;
पडला कोणी, उचलू त्याला,
हरलो तरिही दाद न मागू.

पहिल्या तीन ओळी ठीक आहेत. कबड्डीत आपल्याला हात लागला हे पंचाआधी आपल्यालाच कळते आणि स्वतःहून हात वर करून बाहेर जाणारे खेळाडू आपण पाहिले आहेत. खो-खोतही पाठीला झालेला ओझरता स्पर्श आधी पाठीला कळतो, मग पंचाला. पण चौथी ओळ? यमक चोख, मात्रा चोख, स्टाफरूममध्ये तिचेच जास्त कौतुक झाले. तेव्हाच मनात पाल चुकचुकली. ही ओळ कुणाच्या सोयीची आहे? आमच्या.

उदाहरण घेऊ. चार गुणिले शंभर रिले आहे. बॅटन ठरलेल्या पट्ट्यातच हातात द्यावी लागते आणि निर्णय बॅटन कुठे होती यावर होतो, पाय कुठे होते यावर नाही. हा पट्टा पूर्वी वीस मीटरचा होता. २०१७ च्या अखेरीस जागतिक नियमात तो तीस मीटरचा झाला. चुन्याने आखणाऱ्याने जुन्या सवयीने शेवटचे वीसच मीटर आखले आणि एका संघाने तीस मीटरच्या हिशेबाने, त्या रेघेच्या चार मीटर आधी बॅटन दिली. लाल झेंडी झाली, संघ बाद. त्या मुली नियमाने बरोबर आहेत आणि चूक आमच्या चुन्याची आहे. पण सकाळी आम्ही त्यांच्याकडून काय वदवून घेतले? दाद मागणार नाही. ॲथलेटिक्सच्या नियमात निकाल जाहीर झाल्यावर तीस मिनिटांच्या आत हरकत घेण्याचा हक्क स्पष्ट लिहिलेला आहे. खेळाने दिलेला हक्क कवितेने काढून घ्यायचा आणि त्याला संस्कार म्हणायचे, हे मला माझ्या नावावर नको होते.

भांडणे आणि दाद मागणे या दोन गोष्टी मी एकाच टोपलीत टाकल्या होत्या, कारण शिक्षकाला दोन्हींचा त्रास सारखाच होतो. ओळ बदलली :

वाद न घालू, दादच मागू.

सोबत क्रीडाशिक्षकांशी बोलून रीत ठरवली. फक्त कर्णधार टेबलाशी येईल, बाकीचे रांगेत राहतील, हरकत कागदावर एका वाक्यात लिहिली जाईल आणि पुढची शर्यत सुटण्याआधी तिचे उत्तर मिळेल. हे उत्तर मिळणार नसेल, तर ओळ खोटी. म्हणजे शपथ मुलांची राहिली नाही, आमची झाली.

तिथून तिसऱ्या कडव्यापर्यंत यायला मला वेळ लागला, आणि जगालाही लागला आहे. ऑलिंपिकमध्ये खेळाडूची शपथ १९२० साली अँटवर्पला सुरू झाली. बेल्जियमचा तलवारबाज व्हिक्टर बोयँ याने ती पहिल्यांदा घेतली. पंचांची शपथ आली १९७२ मध्ये. मधली बावन्न वर्षे प्रामाणिकपणाची जबाबदारी उघडपणे फक्त धावणाऱ्यावर होती. आमच्या मैदानावर ती आजही तशीच आहे. वास्तविक मोठी लबाडी मुले करत नाहीत. चौदा वर्षांखालच्या गटात मुलाला बसवण्यासाठी जन्मतारीख कोण फिरवते? आंतरशालेय सामन्यांपुरते बाहेरचे पोर हजेरीपटावर कोण आणते? त्या कागदांवर माझी सही नसते. पण ज्या टेबलांवर असे कागद भरले जातात, त्यांच्यापासून फार लांब बसून मी चहा पीत नाही, आणि कुजबुज ऐकू येते तेव्हा माझी नजर वहीत असते. वय कमी दाखवलेले मूल मशालीसमोर हात उंचावून सत्याची ओळ म्हणते, तेव्हा ती ओळ मी लिहिलेली असते. खोटे त्याचे किती आणि आमचे किती, हा हिशेब मला सोडवता येतो. म्हणूनच तो मांडायला नको वाटत होता.

आणि शेवटच्या रेषेवर तर दरवर्षीच गोंधळ. धड रेषेवर कोणाचे आधी आले हे पाहायचे असते. डोके, हात किंवा पाय मोजायचे नसतात. त्यासाठी पंचाने रेषेच्या सरळ बाजूला, थोडे उंचावर उभे राहायला हवे. आमचे गृहप्रमुख समोर उभे राहतात, आपापल्या रंगाला हाका मारत. समोरून पाहिले की जवळच्या पट्ट्यातला पुढे भासतो, आणि आपल्या रंगाचा तर नेहमीच. दोन पंचांनी एकाच क्रमांकाला दोन वेगळी मुले धरली, की कुठे उभे राहिले होते ते विचारावे. तेव्हा :

पंच म्हणाले : आम्हीसुद्धा
नाते विसरुन रेषा पाहू;
चूक कळाली, तिथे सुधारू,
प्रश्न मुलांचे हसून साहू.

हे कडवे मुलांनी म्हणायचे नाही. पंच, गृहप्रमुख, मुख्याध्यापक आणि मी, आम्ही व्यासपीठावरून खाली उतरून, मुलांकडे तोंड करून म्हणायचे. मी सुचवले तेव्हा 'वेळ कमी आहे' असे उत्तर आले. चार ओळी, सोळा सेकंद. शेवटी मान्य झाले, पण मोठ्यांनी कागदात पाहून म्हटले तर चालेल, या बोलीवर. चालेल. मुलांकडून पाठ करून घ्यायचे आणि आपण वाचायचे यातली विसंगती मुलांच्या लक्षात येईल, तर येऊ द्या.

या बारा ओळी कुठल्याही शाळेने घ्याव्यात. माझे नाव सांगण्याची गरज नाही. आपल्या मैदानावर लिंबू-चमचा नसेल, तर पहिले कडवे बदला. वेळ कमी पडत असेल, तर तेच गाळा. तिसरे मात्र गाळू नका.