अडीच घरांची चाल

सिनेमात कॅमेरा संथपणे डोंगरावरून फिरत असतो आणि मोबाइलवर तो डोंगर सरकण्याऐवजी बारीक बारीक गचके खात पुढे जातो. शेवटी नावं वर सरकतात तेव्हाही तेच. आपण इंटरनेटला शिव्या देतो. पण इंटरनेट मंद असलं तर चित्र थांबतं किंवा धूसर होतं. एका ठेक्यात गचके खात नाही. फाइल फोनमध्ये उतरवून पाहिली तरी हे गचके तसेच राहतात, कारण दोष एका भागाकारात आहे.

बोलपट आले तेव्हा, 1920च्या दशकाच्या अखेरीस, फिल्मचा वेग सेकंदाला 24 चित्रं असा ठरला. तो आजही बहुतेक सिनेमांचा वेग आहे. म्हणजे एका चित्राच्या वाट्याला सुमारे 41.7 मिलिसेकंद येतात. आता मोबाइलचा पडदा पाहा. साधा पडदा स्वतःला सेकंदाला 60 वेळा ताजा करतो, दर 16.7 मिलिसेकंदांनी एकदा. त्यालाच रिफ्रेश रेट म्हणतात. इथे कळीची गोष्ट अशी की, चित्र बदलायचं ते फक्त या ठोक्यावर. मधल्या वेळी तयार झालेलं चित्र फलाटावरच्या प्रवाशासारखं पुढच्या लोकलची वाट पाहत उभं राहतं.

60ला 24ने भागलं की येतात अडीच. बुद्धिबळातला घोडा अडीच घरं चालतो. पडद्याला अर्धं घर चालता येत नाही. दुसऱ्या चित्राची वेळ होते 41.7व्या मिलिसेकंदाला, पण ठोके आहेत 33.3 आणि 50 वर. ते 50 वर चढतं. तिसऱ्याची वेळ 83.3, आणि तिथे नेमका ठोका आहे. म्हणजे पहिलं चित्र तीन ठोके टिकलं, दुसरं दोनच. पुढे तीन, दोन, तीन, दोन. एक चित्र 50 मिलिसेकंद, दुसरं 33.

कॅमेऱ्याने मात्र प्रत्येक चित्रात डोंगर सारखाच सरकवलेला असतो. आपला डोळा त्या सरकण्याचा वेग धरून मागोमाग जातो. पण डोंगर एकदा मागे रेंगाळतो, एकदा झटक्यात डोळ्याला गाठतो. हे सेकंदाला बारा वेळा. दोन माणसं टेबलाशी बसून बोलत असतील तर पत्ताही लागत नाही. संथ, सलग हालचालीतच हे लंगडणं उघडं पडतं.

चित्रपटगृहात हा घोळ का नव्हता? फिल्मचा प्रोजेक्टर प्रत्येक चित्रावर प्रकाश दोनदा किंवा तीनदा पाडायचा, म्हणजे सेकंदाला 48 किंवा 72 झोत; पण प्रत्येक चित्राला सारखेच.

म्हणून मोठा आकडा म्हणजे चांगला पडदा, हा समज सिनेमापुरता तरी सोडावा. 90चा पडदा घ्या: भागाकार 3.75, म्हणून चित्रं टिकतात चार, चार, चार, तीन ठोके. 60पेक्षा फरक कमी, पण लंगडणं आहेच. 120ला मात्र 24ने नेमका भाग जातो. प्रत्येक चित्राला पाच ठोके. 48, 72, 96, 144 हेही चालतात. याच 120वर टीव्हीचा सेकंदाला 25 चित्रांचा कार्यक्रम लावा, की 4.8चा भाग पुन्हा अडतो. म्हणजे विचारायचं ते ‘किती’ असं नाही, ‘कशाच्या पटीत’ असं.

मग 120वाला फोन घेऊनही गचके का दिसतात? बॅटरी वाचवायला बरेच फोन व्हिडिओ सुरू झाला की गुपचूप 60वर उतरतात. यावर उतारा म्हणजे प्लेअरने पडद्याला आधीच सांगणं की माझा माल 24चा आहे. अँड्रॉइड 11पासून त्यासाठी `setFrameRate()` आहे. पण ती विनंती आहे, हुकूम नाही: पडद्याकडे जुळणारा वेगच नसेल, किंवा फोन बनवणाऱ्याने बॅटरीला वरचं स्थान दिलं असेल, तर काही होत नाही. काही आयफोन प्रो मॉडेलांचे पडदे मात्र 48 किंवा 24वरही येऊ शकतात. तिथे बॅटरी आणि सिनेमा दोघांचंही भागतं.

एक सूट द्यायला हवी. पाच-पाच ठोके सारखे पडले तरी कॅमेरा भरकन फिरला की 24 चित्रं तोकडीच पडतात आणि हालचाल तुटक दिसते. त्यात फोनचा दोष नाही. म्हणून तर कॅमेरामन कॅमेरा हळू फिरवतात.

दोष नेमका कुणाचा हे घरी तपासता येतं. अँड्रॉइडच्या डेव्हलपर ऑप्शन्समध्ये रिफ्रेश रेट दाखवण्याची सोय असते, ती चालू करून सिनेमा लावा आणि कोपऱ्यातला आकडा पाहा. बोट लावलं की तो 120वर उडी मारेल, म्हणून बोट काढून थोडं थांबा. तरी शंका राहिली तर दुसऱ्या फोनने पडद्याचं सेकंदाला 240 चित्रांचं स्लो मोशन घ्या आणि एकेक चित्र पुढे सरकवत मोजा. डोंगर प्रत्येक वेळी साधारण दहा चित्रांनी हलला तर ठोके जुळले आहेत. बारा, आठ, बारा, आठ असं येऊ लागलं, तर अडीच घरांचा घोडा सापडला.