दोन हजार रुपये आत्ता कुठे आहेत?

“प्रिय ग्राहक, आपल्याला झालेल्या असुविधेबद्दल आम्ही दिलगीर आहोत. आपली तक्रार संबंधित विभागाकडे पाठवण्यात आली आहे. कृपया 5 ते 7 कार्यालयीन दिवस प्रतीक्षा करावी.”

हे उत्तर कधी ना कधी तुम्हालाही आलं असेल. त्याचं व्याकरण जरा बघा. दिलगीर व्हायला ‘आम्ही’ हजर आहोत. काम करायची वेळ आली की मात्र वाक्यातून कर्ताच गायब होतो. तक्रार ‘पाठवण्यात आली आहे’. कुणी पाठवली, कुणाकडे, ते विचारायचं नाही. माफी मागणारा सापडतो, काम करणारा सापडत नाही.

अंगठा लावून बँकेतले पैसे काढता येतात त्या यंत्रणेचं सॉफ्टवेअर आमची कंपनी बनवते. मी त्यात कोड लिहितो. मध्यंतरी काही आठवडे आम्हा प्रोग्रामर लोकांना तक्रारी हाताळणाऱ्या टीमसोबत बसवलं होतं. तेव्हा मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावरून आलेली तक्रार वाचली. एका मुलाने आत्याच्या वतीने लिहिलं होतं : “आत्याचे 2000 कट झाले. मशीन बोलली फेल. पैसे भेटले नाय. पैसे कोणाकडे आहेत?” त्याला वरचं उत्तर गेलं. त्यावर त्याचा एका ओळीचा मेसेज आला : “पण पैसे कोणाकडे आहेत?”

मला हा प्रश्न फार नेमका वाटला. जव्हार-मोखाड्यात रोजगार हमीची मजुरी खात्यावर जमा होते, आणि बँकेची शाखा लांब असली की ती काढायला पाड्याजवळच्या ग्राहक सेवा केंद्रात अंगठा लावायचा. शाखेत जायचं म्हणजे एसटीचं भाडं आणि एक दिवसाची मजुरी बुडाली. अशा वेळी ‘प्रतीक्षा करावी’ ही सूचना नुसती कोरडी नाही, महागही आहे.

यंत्रावर ‘फेल’ दिसतं त्याचे दोन अगदी वेगळे अर्थ असू शकतात. शेतात, वीटभट्टीवर राबून बोटांच्या रेषा झिजतात, ठसा जुळत नाही आणि व्यवहार सुरूच होत नाही. यात खात्याला धक्का लागत नाही, दुसरं बोट लावून बघता येतं. दुसऱ्या प्रकारात ठसा जुळतो, आत्याची बँक खात्यातून दोन हजार वजा करते आणि ‘हो’ म्हणून उत्तर पाठवते. ते ‘हो’ केंद्रातल्या यंत्रापर्यंत पोचण्याआधी नेटवर्क जातं. यंत्र ठरावीक वेळ वाट पाहतं आणि ‘फेल’ म्हणतं. इथे पुन्हा अंगठा लावला तर पुन्हा दोन हजार वजा होऊ शकतात. आमचं ठोकळेबाज उत्तर दोन्ही प्रकारांना एकच होतं.

आत्याचा व्यवहार दुसऱ्या प्रकारातला होता. मग पैसे कोणाकडे? बँकांच्या आपसातल्या हिशोबात हा व्यवहार यशस्वी ठरला होता, म्हणून दोन हजार आत्याच्या बँकेतून निघून ज्या बँकेच्या वतीने केंद्रातलं यंत्र चालतं तिच्याकडे आले होते. म्हणजे आमच्या बाजूला! रोजच्या ताळमेळात अशी जास्तीची रक्कम दिसते आणि ती परत पाठवायची असते. ज्यांच्याकडे पैसे होते तेच ‘संबंधित विभागाकडे’ बोट दाखवत होते.

टीममधल्या एका सहकारी मुलीने उत्तर नव्याने लिहून पाहिलं. “नमस्कार, कष्टाचे पैसे अडकले की किती घालमेल होते हे आम्ही समजू शकतो. काळजी करू नका, आम्ही तुमच्यासोबत आहोत.” वाचायला छान. शिवाय आमच्याकडे उत्तरांना गुण देतात, त्यात सहानुभूतीच्या वाक्याला वेगळे गुण आहेत, तेही तिला मिळाले असते. पण मला हे पहिल्यापेक्षा वाईट वाटलं. कोरड्या उत्तराने माणूस निदान चिडतो आणि पुन्हा विचारतो. गोड उत्तराने तो गप्प बसतो आणि पैसे तिथेच राहतात. तिचं म्हणणं वेगळं होतं, आणि तेही खरं होतं : “माझ्या स्क्रीनवर फक्त तक्रार क्रमांक दिसतो रे. व्यवहार कुठे अडकलाय ते मला दिसतच नाही. मग मी काय लिहू?”

म्हणून आधी स्क्रीन बदलली. तक्रारीसोबत तीन गोष्टी दिसायला लागल्या : आत्याच्या बँकेने काय सांगितलं, आमच्या यंत्राने काय नोंदवलं, आणि पैसे परत करायची शेवटची तारीख. काम फार मोठं नव्हतं, माहिती आमच्याकडे होतीच, वेगवेगळ्या तक्त्यांत पडलेली.

तारखेवरून आणखी एक गोष्ट निघाली. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकानुसार अशा व्यवहाराचे पैसे परत करण्याची प्रक्रिया व्यवहाराच्या दिवसानंतर 5 दिवसांत व्हायला हवी. हे दिवस कॅलेंडरचे, रविवारही त्यात मोजायचा. उशीर झाला तर दर दिवशी 100 रुपये भरपाई, आणि तीही ग्राहकाने न मागता. म्हणजे ‘5 ते 7 कार्यालयीन दिवस’ हे वाक्य रुक्ष होतं ते सोडा, चुकीचंच होतं.

शेवटी गेलेलं उत्तर असं होतं :

“नमस्कार. तुमच्या आत्यांच्या खात्यातून गुरुवारी 2000 रुपये वजा झाले, पण मध्येच नेटवर्क गेल्याने केंद्रात ते मिळाले नाहीत. पैसे सध्या आमच्या बाजूच्या बँकेकडे आहेत. केंद्र चालवणाऱ्या मुलाच्या खात्यात ते गेलेले नाहीत. परत पाठवण्याची नोंद आम्ही आज केली आहे. मंगळवारपर्यंत ते खात्यात दिसायला हवेत. तोवर बँकेत खेप घालू नका. मंगळवारी जवळच्या केंद्रात फक्त शिल्लक तपासा. जमा नसतील तर याच मेसेजला उत्तर द्या. त्यानंतरच्या प्रत्येक दिवसाचे 100 रुपये आत्यांना मिळायला हवेत.”

यात एकही भावूक शब्द नाही. ‘दिलगीर’सुद्धा नाही, आणि ती एक ओळ असती तर बिघडलं नसतं. पण ‘आम्ही केली आहे’ असं म्हटल्यावर जबाबदारी कुणाची ते लपत नाही. ‘दिसायला हवेत’ हे मी मुद्दाम ठेवलं. परत पाठवणं आमच्या हातात, खात्यात जमा करणं आत्याच्या बँकेच्या. ‘नक्की मिळतील’ लिहिणं जास्त प्रेमळ वाटलं असतं, पण ते वचन द्यायचा आम्हाला अधिकार नव्हता.

त्या उत्तरातलं मला सगळ्यात माणुसकीचं वाटतं ते वाक्य केंद्रातल्या मुलाबद्दलचं. तो बहुतेक वेळा त्याच भागातला असतो, ओळखीतला. खात्यातून पैसे गेले आणि हातात आले नाहीत, म्हटल्यावर पहिला संशय त्याच्यावर. आमच्या पाच सेकंदांच्या बिघाडाने दोन घरांत बोलणं बंद होऊ शकतं. त्या मुलाने तक्रार केली नव्हती, तो आमचा ग्राहकही नव्हता. तरी त्याला उत्तर देणं लागत होतोच.

पण हे वाक्य नोंद साथ देते तेव्हाच लिहिता येतं. काही तक्रारींत आमच्या बाजूलाही व्यवहार यशस्वी दिसतो. केंद्रचालकाच्या खात्यात रक्कम जमा झालेली असते आणि समोरचा माणूस म्हणतो, हातात काही आलं नाही. कधी केंद्रचालकाने फसवलेलं असतं, कधी पैसे मिळालेले असतात आणि गोंधळ मागच्या आठवड्याच्या व्यवहाराशी झालेला असतो. आमच्या तक्त्यांत नोटा हातात पडल्याची नोंद नसते. तेव्हा कुणाच्याही बाजूने ऊबदार लिहिलं की दुसऱ्यावर आरोप होतो. आम्ही सध्या असं लिहितो : “आमच्या नोंदीत पैसे दिल्याचं दिसतंय. तुम्ही म्हणता मिळाले नाहीत. यातलं खरं काय ते आम्हाला इथून कळत नाही. त्या दिवशीची पावती आणि केंद्रातली वही तपासायला सांगितली आहे, जे निघेल ते तुम्हाला कळवू.” सहकारी मुलगी म्हणते, हे वाचून कुणाला बरं वाटणार? माझ्याकडे याहून चांगलं वाक्य अजून नाही.