दहावा, वर्षश्राद्ध आणि दोन महिने

पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थ्याने मार्गदर्शकाला पाठवलेला मुदतवाढीचा ई-मेल हा आता ठरीव वाङ्मयप्रकार झाला आहे. प्रकृती अस्वास्थ्य, घरगुती अडचणी, मध्येच आलेल्या परीक्षांची कामं, आणि शेवटी ‘तरी कृपया सहकार्य करावे’. या ई-मेलमध्ये सगळं असतं, फक्त प्रकरणाचा विषय नसतो. प्रबंध उसावर असो की संतसाहित्यावर, मजकूर तोच.

2023 च्या दिवाळीत मला आलेला एक ई-मेल मात्र वेगळा होता. विद्यार्थिनीचा विषय मृत्यूनंतरचे विधी. पुस्तकातले नव्हेत, कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावात प्रत्यक्ष होणारे. तिसरं प्रकरण एकाच शेतकरी घरावर होतं आणि ते 30 नोव्हेंबरला द्यायचं ठरलं होतं. तिच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील काढून, तो इथे देते.

‘आदरणीय मॅडम, तिसरं प्रकरण 30 नोव्हेंबरला पूर्ण देता येणार नाही. 31 जानेवारीपर्यंत मुदत हवी आहे. सावडणं, दहावा आणि बारावा-तेरावा हे तीन भाग लिहून झाले आहेत, सोबत जोडले आहेत. चौथा भाग वर्षश्राद्धाचा. तो लिहिला नाही, कारण वर्षश्राद्धच अजून झालेलं नाही. त्या घरातले काका गेले 13 नोव्हेंबर 2022 ला, कार्तिक वद्य पंचमीला. मी वर्ष इंग्रजी तारखेने मोजून वेळापत्रक केलं. यंदा श्रावण अधिक आला, त्यामुळे ती तिथी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात येते.

‘दुसरी गोष्ट जास्त अडचणीची आहे. दहाव्याला कावळा शिवला नव्हता. त्या दिवशी घाटावर मोठा मुलगा म्हणाला, वारा फार आहे आणि माणसांची गर्दी, कावळा उतरणार कसा. मार्चमध्ये गेले तेव्हा तोच म्हणाला, दादांचा जीव धाकटीच्या लग्नात अडकला होता, म्हणून शिवला नाही. दुसऱ्या भागात मी मार्चचं बोलणं दहाव्याच्या दिवशीचं म्हणून लिहून बसले आहे. वह्या पुन्हा वाचताना लक्षात आलं. तो भाग नव्याने लिहावा लागेल, आणि वर्षश्राद्धाला घरातली माणसं काय म्हणतात ते ऐकल्यावरच तो नीट लिहिता येईल असं वाटतं. मुदत शक्य नसेल तर चौथा भाग गाळून, तसं प्रकरणात स्पष्ट लिहून, 30 तारखेला देईन.’

या ई-मेलमध्ये काय हवं आहे ते पहिल्या दोन वाक्यांत आहे, झालेलं काम सोबत जोडलेलं आहे, आणि नकार आला तर काय करणार तेही सांगितलं आहे. पण मला त्यातलं महत्त्वाचं वाटलं ते मुदतवाढीचं कारण. ते विषयाच्या आतून आलं होतं. मृत्यूनंतरच्या विधींचा अभ्यास करणाऱ्याला कधी ना कधी हा प्रश्न भेटतोच: मेलेला माणूस नेमका किती दिवसांनी ‘गेला’ असं धरायचं?

शास्त्राचं मूळ उत्तर आहे एक वर्ष. या काळात गेलेला जीव प्रेतावस्थेत असतो. त्याच्यासाठी महिन्याच्या महिन्याला श्राद्ध करायचं आणि वर्ष सरताना सपिंडीकरण. त्यात प्रेताचा पिंड वडील, आजोबा, पणजोबा यांच्या पिंडांत मिसळतात आणि तो पितरांत जातो. पण वर्षभर कोण थांबणार? कर्ता मधेच गेला तर? घरात लग्नकार्य निघालं तर? म्हणून शास्त्रकारांनीच बाराव्या दिवसाची सोय करून ठेवली, आणि आज सोय हाच नियम झाला आहे. वर्षाची सोळा मासिकं अकराव्या-बाराव्या दिवशी एका बैठकीत पुढे ओढून घेतात, लगेच सपिंडी होते, तेराव्याला गोड जेवण आणि सुतक संपतं. गुरुजींच्या हिशेबात काका तेरा दिवसांत पितर झाले.

घराच्या हिशेबात मात्र झाले नव्हते. त्या घरात त्या वर्षी गुढी उभारली नाही, गणपती बसला पण आरास नव्हती, आणि दिवाळीचं फराळाचं भावकीतून आलं, घरात तळण झालं नाही. धाकटीच्या लग्नाची बोलणी वर्षश्राद्धापर्यंत थांबवली होती. यातलं काहीही करा असं गुरुजींनी सांगितलेलं नव्हतं. म्हणजे एकाच मृत्यूची दोन घड्याळं चालू होती. एक विधीचं, तेराव्या दिवशी थांबलेलं. दुसरं घराचं, जुन्या शास्त्राप्रमाणे वर्षभर चालणारं, तेही अधिक महिना धरून. माझ्या विद्यार्थिनीने प्रकरणाचा आराखडा पहिल्या घड्याळावर बेतला होता आणि दुसऱ्यावर तिची मुदत संपेना.

या मधल्या काळाकडे अभ्यासाच्या अंगाने नीट पाहिलं ते रॉबेर हर्ट्झ या फ्रेंच अभ्यासकाने, 1907 मध्ये. बोर्निओतले दायाक लोक मृतदेह आधी तात्पुरता ठेवतात आणि पुष्कळ काळाने, कधी काही वर्षांनी, मोठा उत्सव करून अस्थींना शेवटची जागा देतात. हर्ट्झचं म्हणणं असं की या मधल्या काळात तीन गोष्टी बरोबरीने चालतात: देह झिजून अस्थी उरतात, जीव परलोकाकडे सरकतो आणि मागे राहिलेली माणसं हळूहळू पुन्हा समाजात येतात. समाजाला मृत्यू एका क्षणात पचवता येत नाही, त्याला अवधी लागतो. आपल्याकडे दहन होतं, देह झिजायला उरत नाही, पण बाकीच्या दोन गोष्टी चालूच राहतात. गंमत अशी की हर्ट्झ बोर्निओला कधी गेलाच नाही. त्याने इतरांच्या नोंदींवरून हे लिहिलं, त्यामुळे अधिक महिन्याची अडचण त्याला नव्हती. त्याची अडचण वेगळी आली. पाप आणि प्रायश्चित्त यांवरचा डॉक्टरेटचा प्रबंध अर्धवट असताना तो पहिल्या महायुद्धात एप्रिल 1915 मध्ये मारला गेला. वय 33. प्रबंधाची प्रस्तावना मार्सेल मोस यांनी 1922 मध्ये छापून आणली.

मुदत चुकली तर काय करायचं याचा विचार खुद्द धर्मशास्त्राने विद्यापीठांहून बारकाईने केला आहे. परगावी असलेल्या नातलगाला मृत्यूची बातमी दहा दिवसांच्या आत कळली तर उरलेले दिवसच सुतक, दहा दिवसांनंतर कळली तर तीन रात्री, वर्ष उलटल्यावर कळली तर नुसतं स्नान, असं मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात आहे. पितृपंधरवड्यातली तिथी हुकली तर सर्वपित्री अमावास्या आहे, आणि तीही हुकली तर सूर्य वृश्चिकेत जाईपर्यंत महालय करता येतो. पंचांगात नोव्हेंबरच्या मध्यावर ‘महालय समाप्ती’ छापलेलं असतं ते यासाठीच. सवलत आहे, पण तिलाही शेवट आहे.

पीएच.डी.लाही आहे. प्रकरणाची तारीख हा मार्गदर्शक आणि विद्यार्थी यांच्यातला मामला असतो, ती दोघांनी हलवली तर कुणी विचारत नाही. पण नोंदणीची मुदत विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमाने सर्वसाधारणपणे सहा वर्षं, स्त्रियांना आणखी दोन वर्षांची सवलत, आणि कनिष्ठ व वरिष्ठ मिळून शिष्यवृत्ती पाच वर्षं. म्हणजे पैसे आधी संपतात, नियम नंतर. मार्गदर्शकाने उदारपणे दिलेले दोन महिने कुठून तरी वजा होत असतात, आणि बहुधा शेवटच्या प्रकरणातून, जे मग पंधरवड्यात उरकलं जातं आणि परीक्षकाला ते पहिल्या पानावरच कळतं. माझ्या विद्यार्थिनीचं दुसरं वर्ष सरत होतं. त्या वेळी दोन महिने परवडणारे होते. पाचव्या वर्षी हाच ई-मेल आला असता तर मी चौथा भाग गाळायला सांगितलं असतं.

डिसेंबरच्या विधीसाठी जानेवारीअखेर कशाला, असं कुणी विचारेल. घाटावरचं एक तासाचं ध्वनिमुद्रण कागदावर उतरवायला चार-सहा तास सहज जातात. मागे पाणी, मंत्र, भांडी, चार जण एकदम बोलणारे. शिवाय त्या घरात विधीच्या दिवशी प्रश्न विचारणं शोभत नाही, आठवडाभराने पुन्हा जावं लागतं.

आता कावळ्याकडे येते, कारण माझ्या मते मुदत खरी त्यासाठी द्यायची होती. दहाव्याला पिंड मांडल्यावर सगळे लांब उभे राहून वाट पाहतात. कावळा येईना झाला की जवळचं कुणीतरी पुढे होऊन मोठ्याने वचन देतं: मुलांचं बघू, कर्ज फेडू, काळजी करू नका. तरीही नाही आला तर गुरुजी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववतात आणि विधी पुढे जातो. त्या दिवशी तसंच झालं होतं. विधीच्या दृष्टीने विषय तिथे संपला. मुलाने दिलेलं कारणही साधं होतं, वारा आणि गर्दी. पण घरात ती गोष्ट संपली नाही. चार महिन्यांत वाऱ्याच्या जागी धाकटीचं लग्न आलं.

अभ्यासकाची घसरण इथे होते. मार्चमधलं कारण इतकं सुरेख असतं, विषयाला इतकं शोभतं, की ते नोव्हेंबरच्या घाटावर नेऊन ठेवण्याचा मोह आवरत नाही. छापून आल्यावर ते ओळखणंही कठीण. माझी तपासण्याची रीत साधी आहे. प्रकरणात अवतरण दिसलं की ते कुठल्या तारखेच्या वहीत आहे ते विचारायचं. तारीख सांगताना विद्यार्थी अडखळला की समजावं, प्रसंग नंतर रचला गेला आहे. या मुलीने मी विचारायच्या आधी स्वतःच वह्या पाहिल्या होत्या.

मी मुदत दिली. अट एकच घातली: दुसरा भाग डिसेंबरच्या आधी, म्हणजे वर्षश्राद्धाला जाण्याआधी, नव्याने लिहून पाठवायचा. दहाव्याला काय झालं ते फक्त दहाव्याच्या वहीवरून. घरातली माणसं पुढे काय म्हणतात याची वाट त्यासाठी पाहायची नाही. हे तिला पटलं नाही. तिचं म्हणणं, शेवटचं बोलणं कळल्याशिवाय पहिल्यातलं महत्त्वाचं काय हे कळत नाही. माझं म्हणणं, नेमकं म्हणूनच आधी लिहायचं. तिने कुरकुरत पाच पानं पाठवली.

वर्षश्राद्धाला मुलाने कावळ्याचा विषय काढलाच नाही. काढला तो काकूंनी, आठवड्याने, चहा टाकताना. त्यांच्या मते कावळा शिवला होता. दर्भाचा करायच्या आधी एक येऊन चोच मारून गेला, गर्दीत कुणाचं लक्ष नव्हतं. एव्हाना धाकटीचं लग्न ठरलं होतं.

प्रकरणात तिन्ही हकिकती आपापल्या तारखेखाली आल्या आहेत आणि त्यातली खरी कोणती यावर तिने मत दिलेलं नाही. संशोधन सल्लागार समितीत एका सदस्यांनी विचारलं की एका घरावरून इतकं सांगता येईल का. प्रश्न रास्त होता. त्यावर तिने आणखी दोन घरांची तयारी दाखवली आणि मी तिथेच नको म्हटलं. एका घराला वर्ष लागतं, तेही अधिक महिना आला नाही तर. समितीने प्रकरणाच्या शीर्षकात ‘एका घराचा अभ्यास’ असं जोडायला सांगितलं आणि आम्ही ते जोडलं.