मध्यबिंदू सरकतो तेव्हा

एकच शब्द लागोपाठ दोनदा लिहिला आहे का, हे आपल्याला पाहताक्षणी कळते. कॉन्टेक्स्ट-फ्री व्याकरणाला मात्र ते कळत नाही. अशा व्याकरणाची भाषा ओळखणाऱ्या यंत्राकडे आठवणीसाठी एकच स्टॅक असतो. ताटांच्या चळतीतून शेवटी ठेवलेले ताट आधी हाती येते, तशी त्यातली अक्षरे उलट्या क्रमाने बाहेर पडतात. म्हणून शब्दापुढे तोच शब्द उलटा लिहिला तर यंत्र ते ताडून पाहते, सुलटा लिहिला की अडते. पण एवढ्याने सिद्धता होत नाही. स्टॅक वापरण्याची एखादी वेगळी युक्ती असू शकेल, ही शंका उरतेच.

ती शंका मिटवण्याचे साधन बार-हिलेल, पेर्लेस आणि शामीर यांनी १९६१ साली दिले. आज आपण त्याला पंपिंग लेमा म्हणतो. भाषा कॉन्टेक्स्ट-फ्री असेल तर तिच्यासाठी एक संख्या `p` असते. भाषेतल्या `p` किंवा त्याहून लांब कोणत्याही स्ट्रिंगचे `uvxyz` असे पाच तुकडे पाडता येतात. `vxy` ची लांबी `p` पेक्षा जास्त नसते, `v` आणि `y` पैकी निदान एकात काहीतरी असते, आणि ते दोन्ही सारख्याच वेळा वाढवले किंवा दोन्ही गाळले तरी स्ट्रिंग भाषेतच राहते. स्ट्रिंग आपण निवडायची, तुकडे मात्र प्रतिपक्ष पाडणार. म्हणून तो कुठेही कापो, आपल्याला प्रत्येक शक्यतेचे उत्तर द्यावे लागते.

पहिल्यांदा सुचते ती स्ट्रिंग `a^p b a^p b`. ती फसते. `p` तीन तरी असला की प्रतिपक्ष मधला `b` हा `x` धरतो, त्याच्या डावीकडचा `a` हा `v` आणि उजवीकडचा `a` हा `y`. दोन्हीकडे `a` सारखेच वाढतात आणि स्ट्रिंग भाषेतून बाहेर पडतच नाही. म्हणून `a^p b^p a^p b^p` घ्यावी: चार गट, प्रत्येकात `p` अक्षरे.

आता `v` आणि `y` गाळू. वाढवण्यापेक्षा गाळणे सोयीचे, कारण गाळल्यावर गटांचा क्रम बिघडत नाही. गाळलेली अक्षरे `k` असतील तर `k` एक ते `p` यांच्यामध्ये असणार. `k` विषम असेल तर उरलेल्या स्ट्रिंगचे दोन समान भागच होत नाहीत आणि काम तिथेच संपते. म्हणून `k` सम धरू.

समजा `vxy` पूर्ण डाव्या अर्ध्यात आहे. इथे पुष्कळ जण लिहितात, "डावा अर्धा बदलला, उजवा तसाच राहिला, म्हणून दोन्ही वेगळे." हा तर्क चुकीचा आहे. `aaaa` मधली पहिली दोन अक्षरे गाळली तर `aa` उरते, आणि तीही दोनदा लिहिलेलीच आहे. लांबी घटली की मध्यबिंदूही सरकतो, हे त्या तर्कात सुटलेले असते. इथे तो `k/2` अक्षरांनी तिसऱ्या गटात शिरतो. `p` चार असेल आणि डावीकडचे दोन `b` गेले तर उरते `aaaabbaaaabbbb`. तिचे अर्धे `aaaabba` आणि `aaabbbb`. एक `a` ने संपते, दुसरे `b` ने. कोणत्याही `p` साठी हेच घडते, कारण `k/2` निदान एक असतो आणि `p` पेक्षा लहान असतो.

`vxy` पूर्ण उजव्या अर्ध्यात असेल तर मध्यबिंदू दुसऱ्या गटात मागे येतो. मग उजवे अर्धे `b` ने सुरू होते आणि डावे `a` ने.

उरली ती मध्यबिंदू ओलांडणारी शक्यता, आणि मला तीच सगळ्यांत देखणी वाटते. `vxy` ची लांबी `p` च्या आत असल्याने तो मधल्या दोन गटांबाहेर पोचत नाही. पहिले `p` वेळा `a` आणि शेवटचे `p` वेळा `b` शाबूत राहतात. उरलेली स्ट्रिंग `ww` असती तर `w` ची लांबी निदान दीड `p` भरते, म्हणून तिची सुरुवात त्या सगळ्या `a` नी आणि शेवट त्या सगळ्या `b` नी व्हायला हवा. त्यासाठी `w` मध्ये निदान `2p` अक्षरे लागतात. प्रत्यक्षात तिची लांबी `2p - k/2` आहे. जागाच पुरत नाही.

शक्यता संपल्या. अशी सिद्धता लिहिताना प्रत्येक शक्यतेत आधी नवा मध्यबिंदू कुठे पडतो ते लिहा, मगच दोन अर्ध्यांची तुलना करा.