सरासरी नको, दोन रेषा दाखव

बस खाली, आणि ती वही उघड. "सरासरी टिकाव ४० टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर गेला, म्हणजे चॅनल सुधारलं," असं तू गेल्या तासाला सगळ्यांसमोर ठासून सांगितलंस. मागच्या बाकावरच्या पोरांनी ते उतरवूनही घेतलं. हे वाक्य चुकीचं आहे. तू कुणाला फसवत नव्हतास, हे मला माहीत आहे. पण घनसावंगी-अंबडचा शेतकरी तुझा व्हिडिओ पाहून बागेत फवारणी करायला जातो. त्याच्यासाठी काम करणाऱ्यानं आकडा न तपासता बोलायचं नसतं.

तुझेच आकडे हजार प्रेक्षकांवर मांडते. महिन्याभरापूर्वीचा तुझा मोसंबीच्या पाण्याचा व्हिडिओ घे. त्यात हजारातले ४०० जण आधी तुझं चॅनल पाहिलेले, परत आलेले. त्यांनी सरासरी ५५ टक्के व्हिडिओ पाहिला. उरलेले ६०० नवे, त्यांनी ३० टक्के. एकत्र केलं की ४० टक्के. आता हा चार दिवसांपूर्वीचा फळगळीचा व्हिडिओ. परतणारे ७००, त्यांनी पाहिला ५२ टक्के. नवे ३००, त्यांनी फक्त २० टक्के. सरासरी काढ. ४२.४ येते ना? आता खाली बोट ठेव. जुने ५५ वरून ५२ वर आले, नवे ३० वरून २० वर आले. दोन्ही गट घसरले आणि तुझी सरासरी मात्र चढली! कारण या वेळी ताटात जुने लोक जास्त होते आणि ते मुळातच जास्त वेळ थांबतात. व्हिडिओ सुधारला नाही, फक्त प्रेक्षकांचं प्रमाण बदललं.

ते का बदललं, हेही तू विचारलं नाहीस. एक व्हिडिओ महिन्याभराचा आणि दुसरा चार दिवसांचा. पहिल्या दोन-चार दिवसांत बहुतेक तेच येतात ज्यांच्या मोबाईलवर घंटी वाजते किंवा ज्यांना तुझं चॅनल यूट्यूबच्या पहिल्याच पानावर दिसतं. शोध घेऊन येणारा शेतकरी हळूहळू येतो, बागेत फळं पडायला लागली की येतो. म्हणून व्हिडिओ जुना होत जातो तशी त्याची सरासरी बहुधा खाली येते, आणि त्यात व्हिडिओचा काही दोष नसतो. दोन व्हिडिओंची तुलना करायची तर दोन्हींचे पहिले सात दिवस घे, नाहीतर दोन्हींचे पहिले २८. आणि लांबी जवळपास सारखी असू दे. चार मिनिटांतले ५० टक्के आणि बारा मिनिटांतले ५० टक्के हे एकाच तराजूत टाकू नकोस.

अतिवृष्टी ठरवताना जिल्ह्याची सरासरी चालते का रे? महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला का, हे पाहतात. परतूरला धो-धो आणि जाफराबादला कोरडं असेल तर जिल्ह्याचा आकडा दोघांच्याही कामाचा नाही. हे तुला घरी माहीत आहे, मग वर्गात आल्यावर कसं विसरलास?

आता आलेखाकडे ये. यूट्यूब स्टुडिओत त्या एका व्हिडिओचं ॲनालिटिक्स उघड, प्रेक्षक किती वेळ टिकले त्याचा तपशीलवार आलेख काढ, आणि तिथं नवे व परतणारे असे वेगळे करायचा पर्याय निवड. तू कधी निवडलाच नाहीस. मी निवडून पाहिलं. नव्यांची रेष पहिल्या तीस सेकंदांतच निम्म्याखाली कोसळते. परतणाऱ्यांची तिथं जवळजवळ सपाट आहे, पण चौथ्या मिनिटाला तीच दणकन खाली येते. मिसळलेल्या रेषेत ही दोन्ही वळणं पुसट होतात, म्हणून तुला वाटलं की लोक "हळूहळू कंटाळतात". कुणीही हळूहळू कंटाळलेलं नाही. दोन वेगळी माणसं दोन वेगळ्या जागी उठून गेली आहेत.

पहिल्या तीस सेकंदांत तू काय बोललास, आठव. "राम राम मंडळी, मागच्या व्हिडिओत आपण बागेचं पाणी पाहिलं, बऱ्याच जणांचे फोन आले..." नवा माणूस मागच्या व्हिडिओत नव्हताच. त्याच्या अंबिया बहाराची फळं झाडाखाली पडली आहेत आणि कारण शोधत तो तुझ्याकडे आला. तू त्याला दारातच उभं ठेवलंस. आणि चौथ्या मिनिटाला तू अंबिया बहार कोणता नि मृग बहार कोणता हे समजावत बसलास. जो तुला वर्षभर पाहतोय त्याला हे शिकवतोस? तो निघून गेला, आणि त्यानं बरोबर केलं.

म्हणून औषधही दोन ठिकाणी लागतं. सरासरी पाहून "व्हिडिओ छोटा करतो" असं तू म्हणालास, पण त्यानं एकही जागा दुरुस्त होणार नाही. सुरुवातीलाच पडलेली फळं हातात घे. देठाकडून काळं पडून कुजलेलं एक आणि टाचणीएवढं छिद्र पडून त्याभोवती सडलेलं दुसरं. पहिल्यात बुरशीचा संशय, दुसऱ्यात रस शोषणाऱ्या पतंगाचा. हे पहिल्या पंधरा सेकंदांत दाखवलंस तर नव्याला कळेल की आपण योग्य जागी आलो. बदनापूरच्या मोसंबी संशोधन केंद्राचा सल्ला तू सहाव्या मिनिटाला सांगतोस, तोही पुढे आण. बहारांची ओळख वेगळ्या छोट्या व्हिडिओत घाल आणि इथं पडद्यावर एका ओळीची पट्टी पुरे. राम राम म्हण, जरूर म्हण, पण फळ दाखवल्यानंतर.

उलटी चूकही करू नकोस. एखादा व्हिडिओ अचानक दूरवर पोचला की नवे लोक ओतले जातात आणि सरासरी पडते. तेव्हा परतणाऱ्यांची रेष जागेवर असेल आणि नव्यांचीही पूर्वीइतकीच असेल, तर काही बिघडलेलं नाही.

नवे आणि परतणारे या वर्गीकरणाला मर्यादा आहेत, त्याही लिहून ठेव. ज्यानं पाहण्याचा इतिहास पुसला, जो खाजगी खिडकीतून पाहतो, किंवा जो वर्षाहून अधिक काळ आलाच नाही, तो यूट्यूबच्या हिशेबात नवाच. घरात एकच फोन असेल तर बापानं पाहिलेलं आणि पोरानं पाहिलेलं एकाच खात्यावर जमा होतं. सबस्क्रायबर म्हणजे परतणारा असं धरू नकोस. सबस्क्राइब करून वर्षभर न आलेले असतात आणि सबस्क्राइब न करता दर आठवड्याला येणारेही असतात. आणि नवे जेमतेम चाळीस असतील तर त्यांच्या रेषेवरून निकाल देऊ नकोस. एकाच प्रकारचे, सारख्या लांबीचे चार-पाच व्हिडिओ एकत्र पाहा, मगच बोल.

पुढच्या व्हिडिओत फक्त सुरुवात बदल, बहारांचं स्पष्टीकरण तसंच राहू दे. दोन्ही एकदम बदललंस तर कशानं काय झालं ते तुला कळणार नाही. सात दिवसांनी दोन रकान्यांत चार आकडे आण: तीस सेकंदांवर टिकलेले नवे आणि परतणारे, आणि चौथ्या मिनिटावर टिकलेले नवे आणि परतणारे. त्यापुढे फळगळीच्या व्हिडिओचे पहिल्या सात दिवसांचे तेच चार आकडे लिही. सरासरीचा रकाना त्या कागदावर नको.